रुंदी नेमकी कुठून मोजायची?

दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी घेणारं एक साधं वेबपान डोळ्यांसमोर आणा. वर शीर्षक, त्याखाली नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहायच्या रिकाम्या चौकटी आणि सगळ्यात शेवटी ‘नोंदणी करा’ असं बटण. संगणकावर फॉर्म पानाच्या मधोमध नीट बसलेला दिसतो. तेच पान 360 पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर उघडलं, की नावाची चौकट उजव्या कडेच्या बाहेर जाते. तिची उजवी रेघ दिसतच नाही आणि बोट लावलं की अख्खं पान डावी-उजवीकडे सरकायला लागतं. बटण मात्र दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून जिथल्या तिथे असतं. आता या दोघांना दिलेल्या सूचना पाहिल्या, तर त्या एकाच आहेत:

```css
input, button {
  display: block;
  width: 100%;
  padding: 12px;
  border: 1px solid gray;
}
```

सूचना एक, पडदा एक, तरी चौकट बाहेर आणि बटण आत. वेबपानं बनवायला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. पुष्कळजण मग `width: 93%` असा काहीतरी आकडा अंदाजाने घालून वेळ मारून नेतात. दुसऱ्या मापाच्या फोनवर तो आकडाही चुकतो. अंदाज लावायची खरं तर गरज नाही, कारण ती चौकट नेमकी किती बाहेर जाते हे कागदावर आकडेमोड करून सांगता येतं. त्यासाठी ब्राउझर चौकट कशी मोजतो तेवढं माहीत असावं लागतं.

ब्राउझरच्या लेखी पानावरची प्रत्येक गोष्ट ही आयताकृती चौकट असते. शीर्षक, परिच्छेद, चित्र, बटण, इतकंच काय, वाक्यातला ठळक केलेला एखादा शब्दही. प्रत्येक चौकटीला आतून बाहेर असे चार थर असतात. सगळ्यात आत मजकूर किंवा चित्र, त्याला कंटेंट म्हणतात. त्याभोवती पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि कडेची रेघ यांच्यातली मोकळी जागा. मग बॉर्डर, म्हणजे ती रेघ. आणि रेघेच्या बाहेर मार्जिन, म्हणजे शेजारच्या चौकटीपासून राखलेलं अंतर. या रचनेला ‘बॉक्स मॉडेल’ म्हणतात आणि वेबपानांच्या मांडणीची भाषा असलेल्या सीएसएसचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

पॅडिंग आणि मार्जिन दोन्ही रिकाम्याच जागा, म्हणून नवख्या माणसाची त्यांत गल्लत होते. चौकटीला पार्श्वभूमीचा रंग दिला की फरक लगेच कळतो. रंग पॅडिंगमध्ये पसरतो. तो बॉर्डरच्या खालीही जातो, म्हणून तुटक रेघेची बॉर्डर असेल तर तिच्या फटींतून तोच रंग डोकावतो. मार्जिन मात्र कायम पारदर्शक, तिथे मागचं जे काही असेल ते दिसतं. बटणावर बोट टेकवताना पॅडिंगवर टेकलं तरी बटण दाबलं जातं, मार्जिनवर टेकलं तर काहीच होत नाही. आणखी एक भेद पुढे उपयोगी पडेल: मार्जिन उणे असू शकतं, पॅडिंग उणे असू शकत नाही.

आता आकडेमोड. पडदा 360 पिक्सेलचा. (हे पिक्सेल म्हणजे सीएसएसचं माप आहे, काचेवरचे प्रत्यक्ष ठिपके नव्हेत. ज्या फोनच्या आडव्या ओळीत 1080 ठिपके असतात, असे अनेक फोन ब्राउझरला आपली रुंदी 360 सांगतात.) वेगळं काही सांगितलं नसेल तर ब्राउझर पानाला चारही बाजूंनी 8 पिक्सेलचं मार्जिन आपणहून देतो. 360 मधून डावी-उजवीकडचे 16 गेले, उरले 344. चौकटीला `width: 100%` म्हटलंय, म्हणजे 344 पिक्सेल. प्रश्न एवढाच, की 344 हे माप कुठून कुठपर्यंतचं?

सीएसएसचा मूळ नियम सांगतो, की `width` म्हणजे फक्त कंटेंटची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर त्याच्या वर. त्यामुळे 344 मध्ये दोन्ही बाजूंचं 12-12 पॅडिंग मिळवायचं, झाले 368. दोन्ही बाजूंची एकेक पिक्सेलची रेघ मिळवायची, झाले 370. चौकट डावीकडे 8 पिक्सेल सोडून सुरू होते, म्हणजे ती 378 वर संपते. पडदा 360 ला संपतो. बरोबर 18 पिक्सेल बाहेर. संगणकावरही ती आपल्या फॉर्मपेक्षा 26 पिक्सेल जास्तच रुंद असते, पण बाजूला भरपूर मोकळी जागा असल्यामुळे तिथे ते कुणाच्या नजरेत येत नाही.

घर घेताना आपण विचारतो ना, की हा आकडा कार्पेट एरियाचा की बिल्ट-अपचा? इथे तोच प्रश्न आहे. कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा, बिल्ट-अप म्हणजे भिंती धरून. सीएसएस मुळात कार्पेटचा आकडा मागतं आणि पान आखणारा माणूस मनात बिल्ट-अपचा आकडा धरून बसलेला असतो. कारण उघड आहे: चौकट पडद्यात मावते की नाही हे तिच्या बाहेरच्या कडेवरून ठरतं.

मग बटण कसं मावलं? कारण बटणाला ब्राउझर वेगळा नियम लावतो. प्रत्येक ब्राउझरमध्ये त्याचा स्वतःचा एक मूलभूत सीएसएस भरलेला असतो, आणि त्यात बटण आणि `select`, म्हणजे यादीतून पर्याय निवडायची चौकट, यांची रुंदी बॉर्डरच्या बाहेरच्या कडेपासून मोजावी असं लिहिलेलं असतं. नाव लिहायच्या चौकटीला ही सवलत नाही. म्हणून बटणाची 344 ही रुंदी पॅडिंग आणि रेघ धरून झाली आणि त्याच्या कंटेंटला 318 पिक्सेल उरले. या दोन पद्धतींना सीएसएसमध्ये नावं आहेत: पहिली `content-box`, दुसरी `border-box`. कोणती लावायची ते `box-sizing` हा गुणधर्म ठरवतो. तेव्हा नोंदणीच्या पानाची दुरुस्ती एका ओळीची आहे:

```css
input {
  box-sizing: border-box;
}
```

ही ओळ घातली की चौकट 370 ची 344 होते आणि बटणाच्या कडेला कड लागते.

एकाच पानावर रुंदी मोजायच्या दोन पद्धती नांदतात, याला मोठा पूर्वेतिहास आहे. सीएसएसची कल्पना होकुन व्ह्यूम ली यांनी 1994 मध्ये मांडली. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर 1996 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, सीएसएसची पहिली आवृत्ती जाहीर केली. रुंदी म्हणजे कंटेंटची रुंदी, हे त्या आवृत्तीत लिहिलेलं होतं. चित्रांच्या बाबतीत हा नियम अगदी रास्त वाटतो. 300 पिक्सेलच्या छायाचित्राला रेघ काढली म्हणून छायाचित्र आक्रसू नये, रेघ बाहेरून यावी, हीच आपली अपेक्षा असते. पानाचे रकाने आखताना मात्र हाच नियम आडवा येतो.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने वेगळी वाट धरली. विंडोजवरच्या त्याच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत पॅडिंग आणि बॉर्डर `width` च्या आतच धरली जात. म्हणजे एकाच पानावरची एकच चौकट एका ब्राउझरमध्ये 320 पिक्सेल आणि दुसऱ्यात 362 पिक्सेल दिसे. पान बनवणाऱ्यांपुढे पेच असा, की दोन्हीकडे बरोबर दिसेल असा एक आकडा लिहिताच येत नसे. त्यावर तांतेक चेलिक यांनी शोधलेली एक युक्ती तेव्हा पुष्कळ वापरली गेली:

```css
#side {
  width: 320px;
  voice-family: "\"}\"";
  voice-family: inherit;
  width: 278px;
}
```

`voice-family` हा गुणधर्म पान मोठ्याने वाचून दाखवताना आवाज कोणता असावा हे सांगण्यासाठी आहे, रुंदीशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या किंमतीतलं अवतरणचिन्हांचं लचांड जुन्या एक्सप्लोररला नीट वाचता येत नसे. मधला महिरपी कंस पाहून तो समजे की नियम संपला, आणि 320 घेऊन थांबे. बाकीचे ब्राउझर पुढे वाचत आणि त्यांना 278 मिळे. 278 अधिक दोन्हीकडचं 20-20 पॅडिंग अधिक एकेकाची रेघ, मिळून 320. दोन्हीकडे रकाना सारखा. ब्राउझरच्या एका उणिवेचा आधार घेऊन दुसरी उणीव भरून काढायची, अशी ही रीत होती, आणि कित्येक गंभीर, मोठ्या पानांचा डोलारा तिच्यावर उभा होता.

2001 साली आलेल्या एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीने मानकाचा नियम स्वीकारला, पण एका अटीवर. पानाच्या पहिल्या ओळीत `<!DOCTYPE ...>` अशी योग्य घोषणा असेल तर नवा हिशोब, नसेल तर जुना. जुन्या नियमांवर बेतलेली पानं मोडू नयेत म्हणून ही सोय होती. आजही पानाच्या माथ्यावर `<!DOCTYPE html>` लिहायची पद्धत आहे ती याच कारणाने. ती ओळ गाळली तर ब्राउझर काही बाबतींत जुन्या काळाच्या सवयींनी वागतो.

मानक जिंकलं, पण रकान्यांची अडचण गेली नाही. त्या वेळी 960 पिक्सेल रुंदीचं पान फार चालत असे. समजा, त्यात मजकुराचा मुख्य रकाना 640 चा आणि बाजूचा रकाना 320 चा. बेरीज 960, चोख. आता मजकूर कडेला चिकटू नये म्हणून दोघांनाही 20 पिक्सेल पॅडिंग आणि 1 पिक्सेल रेघ दिली. मुख्य रकाना 682 झाला, बाजूचा 362 झाला, बेरीज 1044. ते 960 मध्ये मावेना, म्हणून बाजूचा रकाना घसरून मुख्य रकान्याच्या खाली जाऊन बसला. ज्यांनी त्या काळात पानं आखली त्यांनी हा घसरलेला रकाना नक्की पाहिलेला आहे. उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यातून 42 वजा करून 598 आणि 278 लिहायचं. पुढे कुणी पॅडिंग 20 चं 25 केलं, की वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून.

पिक्सेलमध्ये निदान वजाबाकी करता तरी येत होती. रकान्यांची रुंदी टक्क्यांत आणि पॅडिंग पिक्सेलमध्ये असेल तर तीही खुंटली. पानाच्या 66 टक्क्यांतून 42 पिक्सेल वजा केले तर उत्तर काय? पडदा किती मोठा आहे हे कळल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि पडदा तर वाचणाऱ्याच्या हातात. म्हणून लोक एका चौकटीच्या पोटात दुसरी चौकट घालत. बाहेरचीला फक्त रुंदी, आतलीला फक्त पॅडिंग आणि रेघ. मांडणी सांभाळण्यापलीकडे त्या जादा चौकटींना काही काम नसे. मोबाइल आले, दर फोनचं माप वेगळं झालं, टक्क्यांतल्या रुंदीवाचून गत्यंतर राहिलं नाही, तेव्हा हा त्रास फारच वाढला.

`border-box` चं महत्त्व तेव्हा लोकांना पटलं. एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालू लागला होता, काही ठिकाणी नावाआधी ब्राउझरचा उपसर्ग लावावा लागे इतकंच. 2012 च्या फेब्रुवारीत पॉल आयरिश यांनी आग्रहाने मांडलं, की हा नियम एखाद्या चौकटीपुरता न ठेवता पानावरच्या सगळ्याच चौकटींना लावून टाका. पुढच्याच वर्षी बूटस्ट्रॅप या लोकप्रिय साधनसंचाच्या तिसऱ्या आवृत्तीने तो मुळातच लावला. आज बहुतेक नव्या साइटच्या सीएसएसची सुरुवात अशी असते:

```css
*, *::before, *::after {
  box-sizing: border-box;
}
```

इथे `*` म्हणजे प्रत्येक घटक. पुढची दोन नावं वेगळी लिहावी लागतात, कारण सीएसएसमधून घटकाच्या आधी किंवा नंतर जोडलेला मजकूर एकट्या `*` मध्ये येत नाही. हा नियम फक्त पानाच्या मुळाशी, `html` वर लिहून भागत नाही. अक्षराचा रंग जसा बाहेरच्या चौकटीकडून आतल्या चौकटीकडे वारशाने जातो, तसं `box-sizing` जात नाही.

माझ्या मते ही पद्धतच पहिल्यापासून हवी होती, आणि हे मत केवळ माझं नाही. सीएसएसची मानकं ठरवणाऱ्या कार्यगटाने आपल्या हातून झालेल्या चुकांची एक यादी उघडपणे ठेवली आहे. `box-sizing` मुळातच `border-box` असायला हवं होतं, हे तीत नोंदवलेलं आहे. तरी आता मूळ नियम बदलता येत नाही, कारण जुन्या हिशोबावर बेतलेली असंख्य पानं एका रात्रीत बिघडतील. म्हणून ती एक ओळ प्रत्येकाने आपापल्या पानावर लिहायची.

त्या ओळीने काय होत नाही, हेही बघायला हवं. पहिलं म्हणजे चौकट तिच्या पॅडिंग आणि बॉर्डरपेक्षा लहान होऊ शकत नाही. `width: 100px` आणि दोन्हीकडे 60 पिक्सेल पॅडिंग दिलं, तर कंटेंटची रुंदी उणे वीस होत नाही. ती शून्यावर थांबते आणि चौकट 120 पिक्सेलची होते. दुसरं, चित्राला 300 रुंदी आणि 10 पॅडिंग दिलं तर आता चित्र 280 चं दिसेल. छायाचित्रांना चौकटी काढणाऱ्या माणसाला हे आधी ठाऊक असावं. तिसरी गोष्ट जास्त त्रासाची. जुन्या चालत्या साइटवर हा नियम मागाहून घातला, की ज्या चौकटींचे आकडे वजाबाकी करून लिहिलेले होते त्या सगळ्या बारीक होतात. 278 चा रकाना 320 न भरता 278 च राहतो आणि शेजारी 42 पिक्सेलची फट पडते. बाहेरून आणून चिकटवलेल्या कॅलेंडरचं किंवा नकाशाच्या चौकटीचंही असंच होतं. पान मोडत नाही, नुसतं ठिकठिकाणी अरुंद होतं, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो. अशा साइटवर जुने आकडे तपासल्याशिवाय ती ओळ घालू नये.

तपासायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. संगणकावर क्रोममध्ये चौकटीवर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडलं, की एकात एक बसलेल्या आयतांची आकृती मिळते: कंटेंट निळा, पॅडिंग हिरवं, बॉर्डर पिवळी, मार्जिन नारिंगी, आणि प्रत्येकाच्या बाजूला त्याचा आकडा. आपण `width` म्हणून लिहिलेली रुंदी निळ्या आयताच्या आकड्याशी जुळत असेल तर `content-box` चालू आहे असं समजावं. पॅडिंग आणि बॉर्डर मिळवल्यावर जुळत असेल तर `border-box`. पान आडवं सरकतंय पण दोषी चौकट सापडत नाही, अशा वेळी सगळ्या चौकटींना तात्पुरती लाल रेघ देऊन बघतात. ती रेघ `border` ची नव्हे, `outline` ची द्यावी. `border` जागा खाते, त्यामुळे जे मोजायचं तेच बदलून जातं. `outline` वरून काढली जाते आणि जागा घेत नाही.

आणि एक साधा उपाय, जो पुष्कळदा विसरला जातो: परिच्छेदासारख्या चौकटीला रुंदीच सांगू नये. `width` लिहिलं नाही तर ब्राउझर उपलब्ध जागेतून मार्जिन, बॉर्डर आणि पॅडिंग वजा करून उरलेली जागा कंटेंटला देतो आणि चौकट कधीच बाहेर जात नाही. `width: 100%` ला लोक ‘पूर्ण रुंद’ समजतात, पण पूर्ण रुंद तर ती चौकट आधीपासूनच असते. नाव लिहायच्या चौकटीला हा उपाय चालत नाही. तिला रुंदी सांगितली नाही तर ती सुमारे वीस अक्षरांएवढी आपली ठरावीक रुंदी घेते. म्हणून हा दोष सगळ्यात जास्त फॉर्ममध्येच आढळतो.

राहिलं मार्जिन. ते `border-box` मध्येही मोजलं जात नाही. `width: 100%` च्या जोडीला दोन्हीकडे 10 पिक्सेल मार्जिन दिलं तर चौकट पुन्हा बाहेर जाणार, `box-sizing` काहीही असो. मार्जिन चौकटीचं अंग नाही, ते दोन चौकटींमधलं अंतर आहे. हे एकदा मनात बसलं, की त्याचं सगळ्यात चमत्कारिक वाटणारं वागणंही समजतं.

शीर्षकाला खालून 24 पिक्सेल मार्जिन दिलं आणि त्याखालच्या परिच्छेदाला वरून 16. मधलं अंतर किती? बेरीज केली तर 40. पडद्यावर दिसतं 24. उभ्या दिशेने एकमेकांना लागलेली दोन मार्जिनं मिळवली जात नाहीत. त्यांतलं मोठं तेवढं धरलं जातं. याला मार्जिन कोलॅप्स होणं म्हणतात. आडव्या दिशेने असं कधीच होत नाही. एक मार्जिन उणे असेल तर ते दुसऱ्यातून वजा होतं: 24 आणि उणे 10 असतील तर 14. सलग मजकुरासाठी हा नियम फार सोयीचा आहे. ब्राउझर प्रत्येक परिच्छेदाला वर आणि खाली 16-16 पिक्सेल मार्जिन देतो. बेरीज झाली असती तर परिच्छेदांमध्ये 32 पिक्सेलचे खड्डे पडले असते. आहे त्या नियमाने सगळीकडे 16 च अंतर राहतं.

घोळ होतो तो चौकटीच्या पोटात चौकट असते तेव्हा. पानाच्या माथ्यावर भगव्या रंगाची पट्टी आहे आणि तिच्यात शीर्षक आहे. पट्टी अगदी वरपासून सुरू व्हावी म्हणून पानाचं मार्जिन शून्य केलं. तरीही पट्टीच्या वर सुमारे 21 पिक्सेलची पांढरी फट राहते. ती कुठून आली हे शोधताना माणूस पट्टीचा सीएसएस पुन्हा पुन्हा वाचतो आणि तिथे काहीच सापडत नाही, कारण ती फट पट्टीची नाहीच. मोठ्या शीर्षकाचा अक्षरआकार मुळात 32 पिक्सेल असतो आणि त्याचं मार्जिन त्या आकाराच्या 0.67 पट, म्हणजे 21.44 पिक्सेल. पट्टीच्या वरच्या कडेला पॅडिंगही नाही आणि रेघही नाही, त्यामुळे शीर्षकाचं वरचं मार्जिन आणि पट्टीचं वरचं मार्जिन एकमेकांना लागतात, एक होतात आणि पट्टीच्या बाहेर पडतात. शीर्षकाने स्वतःसाठी मागितलेली जागा अख्ख्या पट्टीलाच खाली ढकलते.

पट्टीला वरून एक पिक्सेल पॅडिंग किंवा रेघ दिली तरी दोन मार्जिनांच्या मध्ये काहीतरी येतं आणि फट नाहीशी होते. तिच्याऐवजी पट्टीच्या आत, शीर्षकाच्या वर, मोकळी भगवी जागा दिसते. फटीचं निदान करायचं असेल तर हीच परीक्षा करावी: एक पिक्सेल पॅडिंग देऊन फट गेली तर दोष मार्जिन कोलॅप्सचा. कायमचा उपाय म्हणून पट्टीला `display: flow-root` द्यावं. त्याने पोटातली मार्जिनं पोटातच राहतात.

फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या नव्या पद्धतींत मार्जिनं कोलॅप्स होतच नाहीत. त्याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. शीर्षक आणि परिच्छेद ज्या चौकटीत आहेत तिला एकाखाली एक मांडणीसाठी फ्लेक्स केलं, की मधलं 24 चं अंतर आकड्यांना हात न लावता 40 होतं. पान अचानक सैल दिसू लागलं तर आधी इथे बघावं. अशा चौकटीत आतल्या घटकांची मार्जिनं शून्य करून बाहेरच्या चौकटीला `gap: 24px` देणं जास्त चांगलं. अंतर एकाच ठिकाणी लिहिलेलं राहतं, ते पहिल्या घटकाच्या वर किंवा शेवटच्या घटकाच्या खाली उमटत नाही, आणि मधला एखादा घटक काढून टाकला तरी उरलेल्यांमधलं अंतर 24 च राहतं.